सूचना : रविवारच्या कथावाचनाबाबत

सर्व सदस्यांस कळविण्यात येते की, येत्या रविवारी सायंकाळी 5 वाजता वाचनालयात आपल्या एका सदस्येची नवी कथा वाचली जाईल. साखळी–पणजी मार्गावरील बसचालकाची मुलगी वडिलांच्या तडा गेलेल्या मोबाईलवर वाड्यावरची छोटी प्रश्नमंजूषा जिंकते, एवढेच तिचे कथानक आहे.

वाचताना शेवटच्या प्रसंगाकडे विशेष लक्ष द्यावे. काच फुटली तरी मोबाईल चालतो, कारण स्पर्श ओळखणारा थर काचेखाली असतो. मात्र तडा त्या थरापर्यंत पोचला, तर तेवढी पट्टी बधिर होते. कथेत नेमकी खालची पट्टी बधिर आहे आणि चौथा पर्याय तिथेच येतो. गोवा घटकराज्य केव्हा झाले, या प्रश्नाला 1961, 1963, 1967 आणि 1987 असे पर्याय आहेत. मुलीला 30 मे 1987 ही तारीख पाठ आहे, पण बोट उमटत नाही. पंधरापैकी सहा सेकंद उरले असताना ती मोबाईल आडवा धरते; बधिर पट्टी आता कडेला जाते, आणि रुंद झालेल्या चौथ्या पर्यायाच्या दुसऱ्या टोकावर तिचे बोट टेकते. हा क्षण मला फार आवडला.

एक त्रुटी राहिली आहे. पडदा आपोआप फिरण्याची सोय चालू असल्याचे आधी कुठेच आलेले नाही, त्यामुळे सुटका आयती वाटते. बसमध्ये ती मोबाईल आडवा धरून अभ्यास करते, असे एक वाक्य पुरेल का, याविषयी आपले मत शुक्रवारपर्यंत लेखी कळवावे.

— कार्यवाह