साडेसहाचा आकडा आणि रक्तातलं लोह

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या आरोग्य पुरवणीतला ‘तीन महिन्यांची साखर एका थेंबात’ हा लेख वाचला. विषय एचबीए१सी, म्हणजे हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेवरून तीन महिन्यांच्या सरासरीचा अंदाज देणारी रक्ततपासणी. लेख सोपा आहे, चित्रं छान आहेत. पण ‘एचबीए१सी साडेसहा किंवा त्यावर आलं की मधुमेह, यात वादाला जागा नाही’ हे वाक्य वाचून चहा गार झाला तो तसाच राहिला. वादाला जागा आहे. आमच्या घरात त्या जागेवर चांगले सहा-सात महिने वाद झाला.

माझी धाकटी जाऊ, वय त्रेचाळीस. दम लागतो, पाय ओढतात म्हणून तिने एक पॅकेज तपासणी करून घेतली. एचबीए१सी ६.६ आलं. फॅमिली डॉक्टरांनी पहिलं पान पाहिलं, मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी लिहून दिली आणि भात बंद केला. घरात लगेच सुतक पडल्यासारखं झालं. पाडव्याला पुरणपोळ्या झाल्या, तिच्या ताटात ज्वारीची भाकरी. सासूबाई म्हणाल्या, “तिच्या माहेरी सगळ्यांनाच आहे साखर.” तिच्या माहेरी कुणालाच नाही.

मी आयुष्यभर पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलं. मला रिपोर्ट उलटून पाहायची खोड आहे. चौथ्या पानावर हिमोग्लोबिन ७.८ होतं. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार, ६४ होता. तो ८० च्या वर असायला हवा. पेशी बारीक आणि फिकट, म्हणजे पहिला संशय लोहाच्या कमतरतेवर. नंतर शरीरातला लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन केलं, ते अवघं ६ आलं. कारणही समोर होतं. गर्भाशयात गाठ आणि कित्येक वर्षं पाळीत प्रचंड रक्तस्राव. ‘बायकांचं असतंच’ म्हणून कुणी विचारलं नव्हतं.

आता यात साखरेच्या आकड्याचा काय संबंध, असं तुमच्या लेखकांना वाटेल. हिमोग्लोबिनला साखर आपोआप चिकटते आणि पेशी जगेल तोवर चिकटत राहते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हणून हा आकडा साखरेइतकाच पेशीच्या वयावरही अवलंबून असतो. आठवडाभर आणि तीन महिने मिठात पडलेल्या कैऱ्या सारख्याच खारट कशा लागतील? लोह कमी असलं की नव्या पेशी कमी तयार होतात, रक्तात जुन्या पेशींचं प्रमाण वाढतं आणि साखर न वाढताही एचबीए१सी वर सरकतं. नेमकं कारण एवढंच की आणखी काही, यावर संशोधकांचं एकमत नाही. पण लोह दिल्यावर आकडा उतरतो हे वारंवार दिसलेलं आहे.

पुष्कळांना उलटंच वाटतं. हिमोग्लोबिन कमी, म्हणजे साखर चिकटलेलं हिमोग्लोबिनही कमी, म्हणजे आकडा खोटा खाली. तसं नाही. ही टक्केवारी आहे. शंभरातल्या किती रेणूंना साखर चिकटली, एवढंच ती सांगते. रक्त किती आहे याच्याशी तिला देणंघेणं नाही.

आणि मुळात जावेच्या रिपोर्टमधला घोळ त्याच रिपोर्टवर छापलेला होता! एचबीए१सीच्या खाली ‘अंदाजे सरासरी ग्लुकोज १४३’ अशी ओळ होती. हा आकडा कुणी मोजत नाही. एचबीए१सीला २८.७ ने गुणून ४६.७ वजा केले की तो येतो, संगणकच छापतो. त्याच दिवशी तिची उपाशीपोटीची साखर ९२ आणि जेवणानंतरची १२४ होती. जेवणानंतरसुद्धा १२४ च्या वर न गेलेल्या बाईची सरासरी १४३ कशी? एक दिवस म्हणजे तीन महिने नव्हेत, हे मान्य. पण एवढी तफावत दिसली की थांबून हिमोग्लोबिनकडे बघायचं, एवढं तरी करायला हवं होतं. तिसरीतल्या पोरालाही हे गणित खटकेल.

शेवटी दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी गोळी थांबवली आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून चाचणी केली. उपाशीपोटी ९३, दोन तासांनी १३१. उपाशीपोटी १२६ किंवा दोन तासांनी २०० झाले की मधुमेह म्हणतात. ही त्याच्या आसपासही नव्हती. मग लोहाची इंजेक्शनं आणि गाठीचा इलाज सुरू झाला.

इथे आमच्या दिरांना धीर निघाला नाही. दीड महिन्यातच त्यांनी परस्पर एचबीए१सी करून आणलं. ५.४! पेढे वाटले. तो आकडाही तितकाच फसवा होता. लोह मिळाल्यावर हाडांतल्या मज्जेतून कोवळ्या पेशींचा लोंढा येतो, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळालेला नसतो, त्यामुळे आकडा काही काळ खोटा खाली जातो. हिमोग्लोबिन १२ वर स्थिरावून तीन महिने झाल्यावर पुन्हा केलं तेव्हा ५.७ आलं. म्हणजे सीमारेषेवर. वर्षातून एकदा तपासत राहायचं. मधुमेह नाही.

खोटा खाली जाणारा आकडा तर जास्त घातकी. आमच्या गल्लीतले एक काका डायलिसिसवर आहेत, रक्त वाढवायची इंजेक्शनं घेतात. एचबीए१सी ६ म्हणून सगळे खूश, आणि जेवणानंतरची साखर अडीचशे. पेशी लवकर मरत असतील, रक्त चढवलेलं असेल, तरी हेच होतं. इकडे विदर्भात सिकलसेल घरोघरी आहे. त्यात पेशी लवकर फुटतातच, शिवाय वेगळ्या हिमोग्लोबिनमुळे काही मशीन गोंधळतात. अशांची रोजची साखरच मोजावी, किंवा फ्रुक्टोसामाइन करावं. ते रक्तातल्या प्रथिनांवर चालतं आणि दोन-तीन आठवड्यांचा हिशोब देतं, तांबड्या पेशीचं वय त्यात येत नाही.

चाचणी वाईट आहे असं मी म्हणत नाही. रक्त ठीक असेल तर तिच्यासारखी सोयीची चाचणी नाही, आणि आकडा १० आला तर तो ॲनिमियावर ढकलून जिलेबी खाऊ नये. गडबड होते ती सहा-सातच्या आसपास, जिथे अर्ध्या टक्क्याने माणूस या तीरावरून त्या तीरावर जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला. तुमच्या पुरवणीच्या निम्म्या वाचक त्याच. त्यांच्यासाठी एक ओळ घालायला जागा नव्हती. शेजारी ‘८४ तपासण्या एका किमतीत’ची अर्धं पान जाहिरात मात्र आरामात बसली. त्यातल्या त्र्याऐंशी तपासण्या कोण वाचणार, तेही छापलं असतंत तर बरं झालं असतं.

कळावे,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, अमरावती

ता. क. लेखातला आकड्यांचा तक्ता पिवळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत छापला आहे. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे, तेव्हा दोष डोळ्यांचा नाही. शब्दकोड्याचे चौकोनही दिवाळीपासून बारीक झालेत, त्याबद्दल आधी एक पत्र पाठवलं होतं, ते छापलं नाहीत.