दिवाळीचा बोनस दिवाळीत जमवायचा नसतो

संपादक साहेब, नमस्कार.

परवा तुमच्या ठाणे पुरवणीत एका दुकानदाराचं पत्र होतं, की पीएफ-बिएफ मोठ्या कंपन्यांचे लाड, आम्हाला परवडत नाहीत. माझं वर्तकनगरला लेडीज पार्लर आहे, पाच मुली कामाला, दोघी कळव्याहून येतात, एक दिव्याहून. कायद्याने पीएफला आणि बोनसला वीस माणसं लागतात, म्हणजे माझ्यावर सक्ती कसलीच नाही, ईएसआयसीचीही नाही. पण पाच वर्षांत सात मुली शिकून सोडून गेल्या आणि नवीन मुलीचा हात बसेपर्यंत जे कस्टमर तुटतात त्याचा हिशोब कोणी वहीत लिहीत नाही, म्हणून मीच सुरुवात केली.

मालक आणि बहुतेक स्टाफ तयार असेल तर लहान दुकानालाही पीएफमध्ये स्वतःहून जाता येतं, आणि वीसपेक्षा कमी माणसं असल्यामुळे दोन्हीकडून 12 च्या जागी 10 टक्के चालतात. माझ्याकडे प्रत्येकीचा पगार 15,000, म्हणजे महिन्याचे 75,000. माझा वाटा 7,500, मुलींच्या विम्याचे (तो पीएफबरोबरच येतो, नोकरीत असताना काही बरंवाईट झालं तर घरच्यांना कमाल 7 लाखांपर्यंत) 375, आणि ऑफिसचा चार्ज अर्धा टक्का, पण तो महिन्याला कमीत कमी 500. झाले 8,375. कमिशन वेगळं, त्यावर धरत नाही.

खरी गडबड पैशाची नाही, मुलींच्या हातातल्या पगाराची असते. त्यांचेही 10 टक्के कापले जातात ना, 15,000 चे 13,500 हातात आले तर दुसऱ्याच दिवशी "ताई, पगार कमी केला का?" आधी पगार 13,500 होता, वाढ द्यायचीच होती, म्हणून पगारवाढ आणि पीएफ एकाच महिन्यात केले, हातात तेवढेच पडले. तरी एकीने मोबाईलवर पासबुक उघडलं आणि म्हणाली, "ताई, माझे 1,500 आणि तुमचे फक्त 250?" मला घामच फुटला. मग अकाउंटंटने समजावलं की माझ्या 1,500 मधले 1,250 पेन्शनच्या खात्यात जातात, तो रकाना वेगळा असतो, आणि दहा वर्षं भरली तर पेन्शन. हे आधीच सगळ्यांना बसवून दाखवायला हवं होतं. आणि हो, आधार कार्डवरचं नाव पीएफमधल्या नावाशी जुळतंय का ते पहिल्याच दिवशी बघा, लग्न झालेल्या मुलींचं निम्म्या वेळा जुळत नाही आणि मग पैसे काढताना अडकतात.

आता बोनस. आमच्या धंद्याची गंमत अशी की पितृपक्षात पार्लरमध्ये माशा मारायच्या, आणि लगेच महिन्याभरात दिवाळी. पहिल्या वर्षी मी बोनस त्याच महिन्याच्या गल्ल्यातून द्यायला गेले आणि फेशियलच्या मालाची उधारी राहिली. आता नोव्हेंबरपासूनच रोज रात्री गल्ला मोजला की 250 रुपये वेगळ्या खात्यात, बास. 26 दिवसांचे 6,500, वर्षाचे 78,000. एक पगार बोनस म्हणजे 75,000, उरलेल्या 3,000 ची मिठाई. ज्या मुलीला वर्ष झालं नाही तिला महिन्यांच्या हिशोबाने.

विम्याचं म्हणाल तर बँकेतल्या दोन सरकारी योजना, 436 रुपयांत जीवनज्योती आणि 20 रुपयांत अपघाताची सुरक्षा, दोन्हीत 2-2 लाख. पाच जणींचे वर्षाचे 2,280, मीच भरते. पण जीवनज्योतीत नाव 50 वर्षांपर्यंतच घालता येतं, आणि हॉस्पिटलचं बिल यातलं काहीच देत नाही, हे लपवून ठेवू नका. दुसरं म्हणजे हप्ता मेच्या शेवटी खात्यातून कापतात आणि तोपर्यंत सात तारखेच्या पगारातलं काही उरलेलं नसतं. एकीचं असंच झालं, खात्यात 90 रुपये, विमा बंद पडला, तिला महिन्याने कळलं. आता 20 मेला प्रत्येकीच्या खात्यात 456 टाकते आणि कापल्याचा मेसेज दाखवायला लावते.

भरपगारी सुट्ट्या आठवड्याच्या सुट्टीशिवाय वर्षाला 12. याला वेगळा खर्च धरू नका, पगार आपण देतोच आहोत, नुकसान फक्त चुकलेल्या अपॉइंटमेंटचं. लग्नसराईत एका दिवशी एकच सुट्टी, आणि उरलेल्या सुट्टीचे मार्चमध्ये दिवसाला 577 (15,000 भागिले 26). तेव्हापासून "ताई, पोट दुखतंय"चे सकाळचे फोन बरेच कमी झालेत.

पीएफ, बोनस, विमा मिळून महिन्याला साधारण 15,000 बाजूला पडतात. त्यासाठी मी हेअर स्पाचे 50 रुपये वाढवले, दोन कस्टमर कुरकुरल्या, एक गेली. पीएफ मात्र पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत भरा, उशीर झाला की व्याज आणि वर दंड, मी एकदा 18 तारखेला भरून बघितलंय.

– एक पार्लरवाली, वर्तकनगर, ठाणे