शेंगदाणा चिक्कीतील दाण्यांचे कमी प्रमाण, लेबलावरील विसंगती आणि खवटपणाबाबत तक्रार

दिनांक : १८ डिसेंबर

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : ‘गुळाची शेंगदाणा चिक्की’ या आपल्या उत्पादनाच्या १२ किलो खरेदीबाबत.

महोदय,

मी निफाड तालुक्यातील एका गावात पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींचा सकाळचा सराव घेते. आमच्या गटात ३४ जण आहेत आणि त्यांतील बहुतेक शेतमजुरांच्या किंवा अल्पभूधारकांच्या घरचे आहेत. पहाटे साडेपाचला मुले १६०० मीटर आणि मुली ८०० मीटर धावतात, त्यानंतर गोळाफेक होते, आणि घरी जाऊन न्याहारी मिळेपर्यंत आठ वाजतात. या मधल्या वेळेसाठी प्रत्येकाला चिक्कीची एक वडी देण्याची पद्धत आम्ही तीन वर्षे पाळत आहोत. दुकानात मिळणारे प्रोटीन बार आमच्या वर्गणीत बसत नाहीत. गूळ आणि दाण्याची चांगली चिक्की मात्र बसते, आणि तिच्यात पटकन ताकद देणारा गूळ व पोटाला आधार देणारा दाणा हे दोन्ही असतात. आजवर आम्ही ती गावातल्याच एका बाईंकडून घेत होतो. त्यांच्या आजारपणामुळे या वर्षी प्रथमच आपली पाकिटबंद चिक्की घेतली : शेंगदाण्याची १२ किलो आणि तिळाची ३ किलो. ही तक्रार शेंगदाणा चिक्कीबद्दल आहे.

पहिल्या पाकिटापासूनच मुलांनी ती अर्धी खाऊन खिशात ठेवायला सुरुवात केली. चिक्की मागून घेणारी मुले ती टाळू लागली, तेव्हा मी स्वतः एक वडी नीट खाऊन पाहिली. तोंडात घातल्याबरोबर ती गोड लागली, पण दाणा चावल्यावर घशात कडसर, जुन्या तेलासारखी चव उतरली आणि पाणी प्यायल्यावरही गेली नाही. टाळूवर मेणासारखा थर राहिला. त्यानंतर मी घरीच एक साधी तपासणी केली. आपल्या गुणवत्ता विभागाला ती तशीच करून पाहता येईल, म्हणून सविस्तर लिहिते.

एकाच पाकिटातील १०० ग्रॅम चिक्की घरच्या काट्यावर मोजून गरम पाण्यात टाकली आणि पाक पूर्ण विरघळेपर्यंत ढवळली. मग ते पाणी मलमलच्या फडक्यातून गाळले, फडक्यावर उरलेले दाणे व बारीक चुरा आणखी एकदा गरम पाण्याने धुतला, दोन दिवस उन्हात वाळवला आणि शेवटी तव्यावर मंद आचेवर कोरडा करून थंड झाल्यावर मोजला. वजन ३६ ग्रॅम भरले. दुसऱ्या पाकिटातील चिक्कीने ३५ ग्रॅम दिले. दाण्याचा काही अंश पाण्यात उतरला असेल हे गृहीत धरून त्यात तीनचार ग्रॅम वाढवले, तरी आकडा ४० च्या वर जात नाही. आपल्या पाकिटावर मात्र ठळक अक्षरांत ‘६० टक्के शेंगदाणे’ असे छापलेले आहे.

माझ्या काट्यावर आपला विश्वास नसेल, तर आपल्याच पाकिटामागचा पोषणमूल्यांचा तक्ता पाहावा. त्यात १०० ग्रॅममागे प्रथिने ९ ग्रॅम दिली आहेत. शेंगदाण्यात साधारण एक चतुर्थांश प्रथिने असतात, आणि साखर किंवा गुळात ती जवळपास नसतातच. म्हणजे चिक्कीतली प्रथिने चारने गुणली की दाण्यांचे प्रमाण अंदाजे कळते, आणि ९ ग्रॅम प्रथिनांच्या चिक्कीत दाणे ३६ ग्रॅमच्या आसपासच असणार. खरोखर ६० टक्के दाणे असते, तर तक्त्यात १५ ग्रॅम प्रथिने दिसली असती. एकाच पाकिटाची पुढची आणि मागची बाजू एकमेकींशी जुळत नाही, आणि माझे वजन मागच्या बाजूशी तंतोतंत जुळते. आपल्या तिळाच्या चिक्कीला हाच हिशेब लावून पाहिला. तिच्यात प्रथिने १० ग्रॅम आहेत, आणि तिळात ती साधारण १८ टक्के असतात, त्यामुळे तिथे तीळ निम्म्याहून जास्त असल्याचे दिसते. चवही ताजी होती. एकदोन वड्यांत वाळूची कचकच लागली, एवढेच. तिळाच्या बाबतीत आपण जी काळजी घेता, ती दाण्याच्या बाबतीत का घेत नाही, हा माझा प्रश्न आहे.

आता गुळाविषयी. पाकिटाचे नाव ‘गुळाची चिक्की’ असे आहे, पण घटकांच्या यादीचा क्रम शेंगदाणे, साखर, गूळ, द्रव ग्लुकोज, खाद्य वनस्पती तेल असा आहे. यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, म्हणजे आपल्याच सांगण्याप्रमाणे हिच्यात गुळापेक्षा साखर जास्त आहे. शिवाय साखर, गूळ आणि ग्लुकोज यांची नावे वेगवेगळी लिहिल्यामुळे दाणे यादीत पहिले राहतात. या तिघांची बेरीज केली, तर ती दाण्यांच्या दीडपट तरी भरते. घाईत पाकीट उचलणाऱ्याला पहिले नाव दाण्यांचे दिसते आणि तो निर्धास्त होतो. मीही तशीच निर्धास्त झाले होते.

गुळाचे पाणी आणि साखरेच्या पाकाचे पाणी डोळ्यांनाही वेगळे दिसते. आमच्या घरी संक्रांतीला चिक्कीचा गूळ आणला जातो. त्याचा खडा पाण्यात विरघळवला की पाणी गढूळ तपकिरी होते, तळाशी थोडा गाळ बसतो आणि उसाच्या रसाचा वास येतो. आपल्या चिक्कीचे गाळलेले पाणी काचेच्या पेल्यात चहाच्या कोऱ्या पाण्यासारखे नितळ होते आणि त्याला जळक्या साखरेचा वास होता. वडी उजेडासमोर धरली, तर दोन दाण्यांमधला पाक काचेसारखा पारदर्शक दिसतो. गुळाचा पाक असा दिसत नाही. साखरेची चिक्की बनवणे हा काही गुन्हा नाही, आणि ग्लुकोजमुळे पाकात साखरेचे कण धरत नाहीत, ही सोयही मला समजते. मात्र मग तिला गुळाची म्हणू नये आणि गुळाचा भाव लावू नये.

तेलाच्या बाबतीत माझी नाराजी अधिक आहे. चिक्कीत वेगळे तेल घालण्याची फारशी गरजच नसते. पाक पाण्यात टाकून पाहिला आणि त्याचा थेंब ताटलीवर आपटल्यावर टण्ण वाजला की दाणे घालायचे, तूप लावलेल्या पाटावर ओतायचे आणि गरम असतानाच लाटायचे. लागते ते पाटाला आणि लाटण्याला लावण्यापुरते तूप. आपल्या चिक्कीचे गाळलेले पाणी मी रात्रभर ओट्यावर झाकून ठेवले होते. इकडे डिसेंबरात रात्री चांगलीच थंडी असते. सकाळी पाण्यावर पांढुरका, बोटाने उचलता येईल असा थर जमला होता. दाण्याचे स्वतःचे तेल एवढ्या थंडीत असे थिजत नाही. वनस्पती तूप किंवा पामतेल थिजते. टाळूवर राहणाऱ्या मेणासारख्या थराचे कारणही तेच असावे. ‘खाद्य वनस्पती तेल’ एवढेच लिहून भागत नाही, कोणते तेल वापरले त्याचे नाव लेबलावर द्यावे लागते, आणि आपल्या पाकिटावर ते नाही.

खवटपणा या तेलामुळे वरवर आला असेल, असे मला आधी वाटले होते. पण पाक पूर्ण धुऊन वाळवलेले दाणे फोडून हुंगले, तेव्हा वास दाण्याच्या आतून आला. पाकळीची आतली बाजू पांढरट असायला हवी, ती पिवळसर झाली होती. म्हणजे दाणेच जुने होते, किंवा भाजून बरेच दिवस उघडे राहिले होते. शेंगदाण्यात जवळपास निम्मे तेल असते आणि भाजलेला दाणा कच्च्यापेक्षा लवकर खवटतो, हे आपणांस मी सांगायला नको. त्यातच आपले पाकीट पारदर्शक प्लॅस्टिकचे आहे. दुकानदाराने ते दारातल्या उन्हात टांगले होते आणि त्याला तसे करू नये असे सांगणारी एकही ओळ पाकिटावर नाही. उत्पादनाची तारीख ९ ऑक्टोबर आहे आणि मुदत सहा महिन्यांची, म्हणजे ती संपायला अजून जवळपास चार महिने बाकी आहेत. या वेष्टनात सहा महिन्यांची मुदत आपण कोणत्या चाचणीच्या आधारे दिली, हे कळावे.

एक बाब मला अधिक काळजीची वाटते. धुतलेल्या ३६ ग्रॅम दाण्यांत सुरकुतलेले, टोकाला काळपट पडलेले अकरा दाणे सापडले. त्यांचे फोटो सोबत जोडले आहेत. असे दाणे निवडताना काढून टाकायचे असतात, कारण बुरशीचे अफलाटॉक्सिन अशाच दाण्यांत असण्याचा धोका जास्त असतो आणि भाजल्याने ते पूर्ण नाहीसे होत नाही. ते आपल्या मालात आहे असे मी म्हणत नाही. ते डोळ्यांनी कळत नाही, प्रयोगशाळेतच कळते. म्हणूनच या बॅचच्या दाण्यांचा तपासणी अहवाल मी मागत आहे. रोज उपाशीपोटी धावणाऱ्या मुलांच्या हातात ही वडी मी स्वतः ठेवली आहे, आणि त्यांच्या घरच्यांनी विचारले तर मला उत्तर देता आले पाहिजे.

माझ्या मागण्या अशा आहेत. न उघडलेली साडेसात किलो चिक्की आपल्या खर्चाने परत न्यावी आणि पूर्ण १२ किलोचे, म्हणजे २८० रुपये किलोप्रमाणे ३,३६० रुपये परत करावेत, कारण उघडलेली चिक्कीही मुलांनी बहुतांशी टाकूनच दिली आहे. या बॅचचा अफलाटॉक्सिन आणि तेलाच्या खवटपणाचा तपासणी अहवाल मला पाठवावा. ‘६० टक्के शेंगदाणे’ आणि ‘गुळाची’ हे दोन्ही दावे एक तर मालात खरे करावेत किंवा पाकिटावरून काढावेत, आणि तेलाचे नाव छापावे. बदली माल मला नको आहे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी सीलबंद पाकिटांसह अन्न व औषध प्रशासनाच्या नाशिक कार्यालयात तक्रार दाखल करीन, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करून, गरज पडल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे जाईन. त्यासाठी त्याच बॅचची चार पाकिटे मी न उघडता, अंधाऱ्या कोरड्या जागी वेगळी ठेवली आहेत. परत न्यायच्या मालात ती धरलेली नाहीत आणि निकाल लागेपर्यंत ती माझ्याकडेच राहतील.

आपली,
(सही)
प्रशिक्षक, सकाळचा सराव गट,
निफाड तालुका, जि. नाशिक

सोबत : खरेदीची पावती, पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे व बॅच क्रमांकाचे फोटो, वाळवलेल्या दाण्यांचे काट्यावरील फोटो.