सातबारा कोरा होता, पण प्लॉट आधीच विकलेला

मा. संपादक,

माझ्या मेहुण्याने २०२२ साली म्हसरूळकडे २४ लाखांना एन.ए. प्लॉट घेतला. सातबाऱ्यावर विकणाऱ्याचेच नाव होते आणि इतर हक्कात बोजा नव्हता. कुंपणासाठी खड्डे घेतले त्या दिवशी पुण्याहून एक गृहस्थ आले. त्यांच्या पिशवीत त्याच प्लॉटचे २००९ चे नोंदणीकृत खरेदीखत होते. त्यांनी फेरफार करून घेतलाच नव्हता, म्हणून सातबारा जुन्याच नावावर राहिला.

मेहुण्याचे म्हणणे, मी पूर्ण पैसे दिले आणि मला काही माहीत नव्हते. वकिलांनी मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ४८ दाखवले. एकाच मिळकतीची दोन खरेदीखते असतील तर आधीचे चालते. २००९ नंतर विकणाऱ्याकडे देण्यासारखे काही उरलेच नव्हते, मग घेणारा कितीही प्रामाणिक असो. फेरफार हा महसुली दाखला. मालकी खरेदीखताने मिळते.

कलम ४१ ची एक पळवाट आहे. खऱ्या मालकाच्या संमतीने दुसरा मालक म्हणून वावरत असेल आणि घेणाऱ्याने वाजवी चौकशी केली असेल, तर घेणारा वाचतो. पण फेरफाराचा आळस म्हणजे संमती नव्हे. शिवाय आमच्या मेहुण्याने तीस वर्षांचा सर्च घेतला नव्हता. नोंदणी कार्यालयातली इंडेक्स टू पाहिली असती तर २००९ ची नोंद तिथेच होती. चार-पाच हजार वाचवायला गेला, दुसरे काय!

पहिल्याकडे फक्त साठेखत, म्हणजे पुढे विकण्याचा नुसता करार, असते तर गोष्ट वेगळी. त्याची माहिती नसताना पैसे देऊन खरेदीखत करणाऱ्याला विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम १९ चे संरक्षण मिळते. साठेखत नोंदणीकृत असेल तर मात्र ‘माहिती नव्हती’ हे सहसा टिकत नाही.

आता उरला पैशांचा दावा, तो विकणाऱ्यावर. ‘विकण्याचा मला अधिकार आहे’ ही हमी खरेदीखतात लिहिली नसली तरी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गृहीत धरली जाते. म्हणून २४ लाख, मुद्रांक-नोंदणीला गेलेले पैसे आणि भाववाढीतला तोटा असा दावा आहे. तसल्या प्लॉटला आज ३५ लाख मिळतात, म्हणजे ११ लाख वाढीचे. नुकसान कोणत्या तारखेच्या भावाने मोजायचे, यावर समोरचा वकील भांडणार. वाढही घ्यायची आणि त्याच रकमेवर व्याजही मागायचे, हे आमच्या वकिलांनाच पटले नाही. व्याज त्यांनी पर्यायी मागणी म्हणून घातले आहे.

विकणाऱ्याच्या नावावर आज एक जुनी मोटारसायकल आणि नाशिकरोडचा एक गाळा आहे. त्या गाळ्यावर निकालापूर्वी जप्तीचा अर्ज दिला आहे.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक