विषय : ‘मल्टिलाइन’ची खूण केलेली आहे, पुन्हा विचारू नये

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या एडिटरचं पैसे भरलेलं लायसन्स आमच्या परळच्या ऑफिसात आहे. मासिकाच्या जुन्या अंकांच्या एचटीएमएल फायलींतून जाहिराती काढायच्या आहेत. प्रत्येक जाहिरात चार-पाच ओळींची, वर `<!-- ad -->`, खाली `<!-- /ad -->`. रेग्युलर एक्स्प्रेशन देऊनही फाइंड-रिप्लेस एकही सापडली नाही म्हणतं.

आज दुपारी फोनवर झालेला संवाद जसाच्या तसा देतो.

“सर, मल्टिलाइन ऑन आहे?”
“आहे.”
“मग अनेक ओळींचं मॅच व्हायलाच पाहिजे.”
“मल्टिलाइन म्हणजे `m` फ्लॅग. त्याने फक्त `^` आणि `$` प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला व शेवटी लागू होतात. टिंब मात्र ओळ संपली की थांबतंच. त्यासाठी `s` लागतो, आणि त्याची खूण तुमच्या खिडकीत कुठेच नाही.”
“सर, एकदा मल्टिलाइन ऑफ करून ऑन करा ना.”

धन्य! रूबीत `m` लावला की टिंब ओळ ओलांडतं, म्हणून गोंधळ होऊ शकतो, हे मी समजू शकतो. पण तुमचं एडिटर रूबीचं नाही, हे तुमच्याच लोकांना मी सांगायचं?

मग ‘सीनियर टीम’ने मेलवर हे पाठवलं:

```
(?s)<!-- ad -->.*<!-- /ad -->
```

`(?s)` बरोबर आहे, पण `.*` हावरट आहे. तीन जाहिराती असलेल्या फायलीवर चालवलं, तर खाली संदेश आला ‘1 replaced’. तीन हवे होते, आला एक! पहिल्या `<!-- ad -->` पासून शेवटच्या `<!-- /ad -->` पर्यंत सगळं उडालं, मधले दोन लेखसुद्धा. मूळ फाइल नव्हती, प्रत होती, म्हणून वाचलो. तुमच्या भरवशावर राहिलो असतो तर अंकच गेला असता. एक प्रश्नचिन्ह लागत होतं हो, फक्त एक:

```
(?s)<!-- ad -->.*?<!-- /ad -->
```

आता प्रत्येक जाहिरात आपल्या जवळच्या शेवटापाशीच थांबते, संदेशात तीनच येतात. हे तुमच्या मदत-पानावर का नाही? तिथे ‘अनेक ओळींसाठी मल्टिलाइन निवडा’ असं बिनदिक्कत छापलंय. चूक आहे ते. फोनवरचा माणूस तेच वाचून दाखवत होता, त्याला काय बोलणार!

मागण्या: मदत-पान दुरुस्त करा, ‘टिंब नव्या ओळीलाही जुळतं’ अशी स्वतंत्र खूण खिडकीत द्या, आणि त्या मेलमधली चूक लेखी कबूल करा. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर लायसन्सचे पैसे परत मागणार, आणि नाही दिलेत तर मेल जोडून ग्राहक आयोगात तक्रार टाकणार. इतकी वर्षं लोकांना तुमचंच एडिटर घ्या म्हणून सांगत होतो, याचं वाईट वाटतं.

आणि कृपा करून, मल्टिलाइन ऑन आहे का हे विचारायला फोन करू नका.

— एक ग्राहक, परळ, मुंबई