निरोपाच्या भाषणात वजाबाकी मांडणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

शाल-श्रीफळ झालं, सरपंचांचं बोलून झालं आणि आता तुम्ही तीस वर्षांच्या आठवणी सांगणार म्हणून सगळे सावरून बसले. तुम्ही मात्र खडू मागितलात. फळ्यावर ५२ − २७ = ३५ लिहिलंत आणि विचारलंत, ‘‘हे पोर कुठं चुकलं, सांगा.’’ पाहुणेसुद्धा बोटं मोजायला लागले! त्या भाषणाबद्दल तुमचे आभार मानायचे आहेत.

उत्तर सगळ्यांनी एकच दिलं: दोनातून सात जात नाहीत, म्हणून पोराने सातातून दोन काढले. तुम्ही म्हणालात, असेल. पण दुसऱ्या एखाद्याने दशक सुटा केला असेल, बारातून सात वजा करून पाच बरोबर लिहिले असतील आणि पाचाचे चार करायचे तेवढे विसरला असेल. त्याचंही उत्तर ३५च येतं. वहीत दोघांच्या फुल्या सारख्याच दिसतात, पण पहिल्याला दशक म्हणजे काय तेच उमगलेलं नाही आणि दुसऱ्याला ते कळलंय, फक्त नोंद राहिली.

मग ओळखायचं कसं? २७च्या जागी २८ द्यायचे. पहिला ३६ लिहितो, दुसरा ३४. बरोबर उत्तर २४. सातामुळे दोघांची उत्तरं जुळत होती, कारण सातातून दोन काय आणि बारातून सात काय, उरतात पाचच. वजाबाकीचं उदाहरण निवडताना हे बघावं लागतं, हे डी.एड.ला कुणी सांगितलं नव्हतं.

उपाय वेगळे, हेही तुम्ही तिथेच दाखवलंत. पहिल्याच्या हातात काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या द्यायच्या, आणि आठ काड्या मागायच्या. गठ्ठ्याचं रबर त्याने स्वतः काढेपर्यंत आपण गप्प बसायचं. (हे गप्प बसणं सर्वांत अवघड, बाई.) दुसऱ्याला काड्यांची गरज नाही. त्याला ३५ मध्ये २७ मिळवायला सांगायचे. बेरीज ६२ आली की तो आपणच वर जाऊन पाच खोडतो.

३०४ − १२८ला काड्या अपुऱ्या पडतात, हेही तुम्ही लपवलं नाहीत. मधल्या शून्यापाशी मुलं शंभराचे दहा दशक करतात, त्यातला एक सुटा करतात आणि तरी तिथे नऊऐवजी दहाच धरून १८६ लिहितात. त्याला आठवडे लागतात, असं तुम्ही सरळ सांगितलंत.

तिसरीचा वर्ग आता माझ्याकडे आहे. काड्यांचा डबा कपाटातच सापडला. रबरं विरली होती, नवी आणली आहेत. सोमवारी २८चं उदाहरण दिलं. ३४ लिहिणारी मुलं माझ्या अंदाजापेक्षा बरीच जास्त निघाली. १८६वाल्यांसाठी दिवाळीनंतर घरी येईन म्हणते, चालेल ना?

आपली,
शेजारच्या वर्गातली शिक्षिका