सावड: ठमीस पत्र

प्रिय ठमे,

आठ महिने झाले, ना फोन ना चिठ्ठी. गुडघा तसाच आहे, साखर आटोक्यात आहे, तब्येतीचं एवढंच. रुसवा नंतर काढ, आधी ऐक. कारण हे फक्त तुलाच कळणार आहे.

गावातल्या बायकांच्या अकरा बचत गटांचा ग्रामसंघ झाला. नाव ठरवायला प्रत्येक गटातून दोघी, अशा बावीस जणी बसल्या, आणि तीन बैठका नुसत्या नावावर गेल्या. एका आळीला जिजाऊ हवं, दुसरीला रमाई, माळावरच्यांना अहिल्या. नाव कुणाचं हे निमित्त, आळी कुणाची हा खरा वाद. तुला वेगळं सांगायला नको. चौथ्या बैठकीत वरच्या आळीतली आक्का म्हणाली, "आपण सावडीनं पेरायचो, भांगलायचो. आज माझ्या रानात सगळ्या, उद्या तुझ्या. मजुरी नाही, नुसता दिवस फेडायचा. गटातल्या कर्जाचं तरी दुसरं काय असतं?" मग वाट्यांत ज्वारीचे दाणे टाकून मतं झाली. बावीसपैकी सतरा दाणे सावडीच्या वाटीत!

आठवलं का? २००९ साली आपला पहिला गट निघाला तेव्हा हेच नाव तू मांडलं होतंस. मी सगळ्यांसमोर म्हणाले होते, "सावड? राख सावडायला निघालोय का आपण?" बायका फिदीफिदी हसल्या आणि माझं 'जय भवानी' पास झालं. तू पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाहीस. वर माझी खवणी नेलीस ती नेलीसच. खवणीचं मी विसरलेले नाही बरं का.

आता खरी गोष्ट. उद्घाटनाला नाव जाहीर करायचं काम सरपंच म्हणून माझ्याकडे आलं. गटांना मदत करणाऱ्या सीआरपीताईंनी आधीच बजावलं होतं, "ताई, संघ ग्रामपंचायतीचा नाही, बायकांचा आहे. तुम्हाला मत नाही. ठरावात आहे तेच वाचायचं." आणि निघताना ह्यांनी हातात भाषणाचा कागद दिला. त्यात सासूबाईंचं नाव! त्या नावाने संघ, बदल्यात आमच्याकडून लोखंडी कपाट. मी म्हटलं, ठराव सावडीचा झालाय. तर हे म्हणतात, "राख सावडायची का?" ठमे, अगदी तेच शब्द! मला माझाच आवाज ऐकू आला.

नाव बदललं असतं तर घोळ नुसता घरातला नव्हता. समुदाय गुंतवणूक निधी ग्रामसंघाच्या खात्यातून गटांना कर्जाने जातो. ठराव, बँकेचा अर्ज आणि शिक्का या तिन्हींवर नाव एकच लागतं. ठरावात एक आणि शिक्क्यावर दुसरं असलं की बँकेतला माणूस अर्ज परत करतो आणि बियाण्याच्या दिवसांत बायका हात चोळत बसतात.

माईकपुढे उभी राहिले तेव्हा कागद घामाने ओला झाला होता. घडी केली आणि कमरेला खोचली. म्हटलं, "संघाचं नाव सावड महिला ग्रामसंघ. कुणी म्हणेल, सावडणं तर स्मशानातलं. हो, तिथेही माणूस एकटा सावडत नाही. चार हात लागतात. विखुरलेलं गोळा करायचं, ते सावडणं." टाळ्या पडल्या. आक्काने डोळ्याला पदर लावला. हे मंडपाच्या खांबाला टेकून फ्लेक्सकडे बघत उभे होते.

आणि पुढच्याच वाक्यात मी माती खाल्ली. म्हणाले, "हे नाव गावालाच सुचलं." गावाला कसलं? नाव तुझं होतं. जिभेवर आलं होतं, पण तुझं नाव घेतलं की २००९ चं माझं हसणंही सांगावं लागलं असतं, आणि सरपंचाने माईकवर असलं काय सांगायचं! तेवढ्याला घाबरले. रात्री झोप नाही. बरं, तू तिथे असतीस तर पाठीत धपाटा घालून मोकळी झाली असतीस. तू पुण्यात, आणि मी इथे उशी उलटीपालटी करतेय.

घरात अबोला आहे. ह्यांनी शिक्काही आधीच करून आणला होता. सासूबाईंच्या नावाचा तो शिक्का देवघराच्या फळीवर पडलाय, शाई न लागलेला.

संघाच्या सचिवबाईंना म्हटलं, नाव मुळात कुणी सुचवलं तेवढं इतिवृत्तात लिहा. तर म्हणाल्या, "सरपंचांच्या सांगण्यावरून वहीत ओळ येत नाही. बैठकीत विषय मांडायला लावा." बरोबर आहे त्यांचं. पाच तारखेला बैठक आहे, आक्का मांडायला तयार आहे. पण तुझं नाव लिहिलेलं तुला चालेल का, ते तूच कळव.

धाकटीच्या बारावीचं काय झालं? भावजींची बदली टळली का? दोन ओळी तरी टाक. आणि जमलं तर पाच तारखेला ये. खवणी घेऊन ये.

तुझीच,
सरपंचीण